सातव्या प्रश्नाची रोहिणी

रोहिणी निरगुडा बारा वर्षं माझ्या दुकानात येते, पण बसलेली मी तिला फार तर तीन-चारदा पाहिली असेल. स्टूल पुढे केलं की त्यावर ती पिशवी ठेवते आणि स्वतः उभी राहते, तोंड माझ्याकडे आणि पाय दाराकडे. मी चिडते. "बस की गं, स्टूल काय चावतंय तुला?" म्हणते. ती म्हणते, "वैनी, बसलं की उठायचा कंटाळा येतो."

माझं दुकान दहिवलीत, रस्त्याला लागून. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म. माहेर पोशीरचं, त्यामुळे त्या बाजूच्या वाड्यांतली माणसं कर्जतला कामाला आली की "आपल्या जयवंताकडं" म्हणून माझ्याच दारात. जयवंता म्हणजे मी. रोहिणी तिथलीच, पोशीरच्याही वर डोंगराच्या पायथ्याला उंबराचीवाडी आहे तिथली. ठाकराची बाई, दहावी पास, वाडीतली आशा. म्हणजे गरोदर बायकांची नावं लिहायची, त्यांना तपासणीला आणायचं, पोरांना लसी टोचून घ्यायच्या, आणि ह्या सगळ्याचे कागद भरून ते माझ्याकडून झेरॉक्स करून ऑफिसात द्यायचे. कागद देऊन ती लगेच सुटते. तिच्या डोक्यात सतत कुणाचा तरी महिना भरत आलेला असतो.

ती अशी का, हे मला फार उशिरा कळलं. तिचं पहिलं बाळ वाटेत गेलं. तेव्हा वाडीत नर्स येत नव्हती. आठव्या महिन्यात पाय सुजले, डोकं दुखायला लागलं, पण तपासायला तीन किलोमीटर पायवाट उतरून जायचं म्हणून आज-उद्या करत राहिली. गेली तेव्हा पायवाट संपेपर्यंतच सगळं आटोपलं होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, झेरॉक्स मोजता मोजता, आणि वर "पंचवीस झाल्या बघ" म्हणाली. पुढं ती आशा झाली आणि दोन वर्षं ऑफिसच्या पायऱ्या झिजवून तिने महिन्यातला दुसरा मंगळवार मिळवला. त्या दिवशी नर्सताई वाडीत येते, शाळेच्या पडवीत बसते, बायकांचं रक्त, रक्तदाब, वजन सगळं बघते. तेव्हापासून वाडीतलं एकही बाळ वाटेत गेलेलं नाही. हा मंगळवार म्हणजे रोहिणीचा जीव की प्राण.

तर झालं असं. एप्रिलातली गोष्ट. बुधवारी धनेश आला. धनेश आरोग्याच्या ऑफिसात कंत्राटावर कॉम्प्युटरचं काम करतो, पोरगा चांगला आहे पण सतत घाईत. म्हणाला, "ताई, ही प्रश्नावली नीट मांडून द्या. लोकांचं मत घ्यायचंय, नऊ वाड्या आणि गावं. सोमवारी अठराशे प्रती लागतील." पेनड्राईव्ह टेबलावर टाकला आणि मोबाईल कानाला लावून बाहेर गेला. मी बारा प्रश्न दोन पानांत बसवले, ओळी सरळ केल्या आणि एक प्रत छापली. काय लिहिलंय ते वाचलं का, असं मला कुणी विचारलं तर नाही वाचलं. तेरा वर्षं टायपिंग करतेय, अर्थ लावत बसले तर संध्याकाळपर्यंत दोन अर्ज होतील.

कागद अजून गरम होता तोवर रोहिणी आली आणि तिने तो उचलला. ती वाचते ते ओठ हलवत, हळूहळू. सातव्या प्रश्नावर थांबली. परत वाचला. मग मोठ्याने वाचला.

"उपकेंद्रस्तरावरील एएनसी, पीएनसी व व्हीएचएनडी सत्रांचे एचडब्ल्यूसी स्तरावर समायोजन करण्यास आपली सहमती आहे काय? होय, नाही." माझ्याकडे बघितलं. "वैनी, समायोजन म्हंजे?"

"मला काय विचारतेस? मी टाईप करते."

"बाकीचं मला येतं. एएनसी म्हंजे पोटुशी बाईची तपासणी. पीएनसी म्हंजे बाळंतीण झाली की तिची आन बाळाची. व्हीएचएनडी म्हंजे आपला मंगळवार. एचडब्ल्यूसी म्हंजे रस्त्यावरचं ते मोठं केंद्र. पन समायोजन?"

धनेश तेवढ्यात आत आला. त्याने सहज सांगितलं, "अगं ताई, म्हणजे सगळं एका जागी आणायचं. नर्स वाडीवाडीत फिरणार नाही, बायकांनी केंद्रात यायचं."

रोहिणीने कागदाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. मी तिला पाणी दिलं तर ग्लास हातात धरून उभी. मग म्हणाली, "आन हे लोकांना कधी कळनार? होय म्हटल्यावर?"

"लोकांना विचारतायत ना पण," धनेश म्हणाला.

"कुठं इचारताय? ह्यात तपासनी हा शब्दच नाय. मंगळवार नाय, नर्स नाय. माझ्या वाडीत हे वाचून कोन काय सांगनार? मी बारा वर्सं हीच कागदं भरतेय तर मला एक शब्द अडला."

मला राग आला तो माझाच. मी तो प्रश्न बरोबर मधोमध बसवला होता, होय-नाहीच्या चौकोनांची लांबी-रुंदी सारखी केली होती, आणि त्या चौकोनात काय चाललंय ते मला माहीत नव्हतं. मी धनेशला म्हटलं, "लाव रे तुझ्या मॅडमना फोन."

मॅडम म्हणजे तिथल्या डॉक्टरीणबाई. मला वाटलं होतं झापतील. तर त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मलाही हे वरून असंच आलंय. सोपं करायला कुणी मना केलेलं नाही, फक्त कुणी केलेलं नाही. करा. पण तीन गोष्टी. प्रश्नांचे नंबर हलवायचे नाहीत, कारण उत्तरं नंबरानेच कॉम्प्युटरमध्ये जातात. एकही प्रश्न गाळायचा नाही. आणि अर्थ बदलायचा नाही. जुनं वाक्य आणि नवं वाक्य शेजारी शेजारी लिहून मला दाखवा. सोमवारी सकाळी. उशीर झाला तर जुनंच छापावं लागेल." फोन स्पीकरवर होता. रोहिणी वाकून म्हणाली, "मॅडम, लोकांनी मंगळवार ठेवा म्हटलं तर ऱ्हाईल?" मॅडम म्हणाल्या, "हे मतदान नाही गं रोहिणी. पण लोक काय म्हणतात ते वर जाईल, एवढं नक्की."

त्या दिवसापासून सोमवारपर्यंत मला धड झोप नाही आणि धड जेवण नाही. दुकानात लग्नपत्रिकांची दोन, शाळेच्या दाखल्यांची चार माणसं उभी, आणि रोहिणी काउंटरच्या आत येऊन माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघतेय. शुक्रवारी अकराला लाईट गेली ती चारला आली. आम्ही वहीच्या पाठपानावर लिहीत बसलो. म्हणजे मी बसले, ती फेऱ्या मारत होती. "एका जागी थांब गं बाई, मला भोवळ येतेय," मी ओरडले.

पण काम ती चोख करायची. "कुटुंबाची सदस्यसंख्या" असं होतं. मी म्हटलं, हे सोपंच आहे. ती म्हणाली, "नाय. माझ्या सासूला इचार. ती मुंबईत गेलेला दीर धरंल, लगीन झालेली नणंद धरंल." मग लिहिलं: तुमच्या घरात एका चुलीवर किती माणसं जेवतात? "मागील त्रैमासिकात" असं होतं. मी "गेल्या तीन महिन्यांत" केलं. तिने ते ठेवलं आणि पुढं घातलं, "म्हणजे संक्रांतीपासून आजपर्यंत". म्हणाली, महिने कोण मोजत नाही, सण मोजतात. "बाह्यरुग्ण सेवेचा लाभ घेतला काय" ह्याचं "दवाखान्यात दाखवून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी आलात का" असं झालं. "संदर्भित करण्यात आले काय" ह्याचं "तिथून दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं का". एकेका ओळीला अर्धा अर्धा तास. मला आधी वाटलं होतं की अवघड शब्द काढायचा, सोपा ठेवायचा, संपलं. तसं नसतं. अवघड शब्दाच्या पोटात तीन-चार गोष्टी असतात, त्या बाहेर काढून कुठली ठेवायची हे आधी ठरवावं लागतं.

सातवा प्रश्न शेवटी घेतला. तो असा झाला: "गरोदर बायकांची आणि बाळंतिणींची तपासणी, आणि नर्सताईंचा महिन्याचा मंगळवार, वाडीत न ठेवता रस्त्यावरच्या मोठ्या केंद्रात न्यावा, हे तुम्हाला मान्य आहे का? होय, नाही." मी खूष झाले. पहिलीतल्या पोरालासुद्धा कळेल, म्हटलं. रोहिणी म्हणाली, "उद्या चल वर. वाचून बघू."

"मी? माझं दुकान?"

"येक दिवस बंद ठेव. तू छापनार तर तू बघ."

शनिवारी चढले. माहेर पायथ्याला असून मी वीस वर्षांत त्या पायवाटेने वर गेले नव्हते. दम लागून जीव मेटाकुटीला आला. ती पुढं चालली आहे, मागे वळून बघत, "आलीस का, आलीस का". आठव्या महिन्याची बाई इथून कशी उतरत असेल हा विचार माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आला, आणि तेव्हा मला लाज वाटली.

वाडीत चौदा जणांना तो प्रश्न वाचून दाखवला. बायका, म्हातारे, कामाला न गेलेली माणसं. चौदाच्या चौदा "होय".

रोहिणीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, बघ, त्यांनाच नको असेल तुझा मंगळवार, तू उगाच जिवाला घोर लावून घेतलास. ती मला म्हणाली, "गप." मग सासूसमोर उकिडवी बसली. सासू म्हणजे कोंडी, सत्तरीच्या पुढची, मांडीवर टोपली घेऊन करवंदं निवडत होती. "आये, मी आता काय इचारलं ते तुज्या शब्दात सांग बगू."

कोंडी म्हणाली, "नर्सबाईचं काय तरी इचारलंस. मोठ्या जागंत नेनार."

"मग नर्सबाई हितं येनार का नाय?"

"ते तू नाय सांगितलंस."

"मग होय का म्हनलीस?"

कोंडीने करवंदं निवडायची थांबवली नाही. "कागद घेऊन मानूस आलं की होय म्हनायचं. नाय म्हनलं की नाव कापत्यात. सोनकीनं मागं नाय म्हनलं, तिचं घराच्या यादीतलं नाव गेलं." सोनकीचं नाव कशाने गेलं ते देव जाणे, बहुतेक आधारकार्डाचा घोळ असेल. पण वाडीने मनाशी गाठ बांधली ती बांधली. सरकारी कागदाला होय. मग तो कागद लग्नाचा असो की सुतकाचा. मी बाकीच्यांना विचारलं तर सगळ्यांचं तेच. एक म्हातारा तर म्हणाला, "बाय, होय म्हनलं की मानूस लवकर जातं."

मी तिथंच दगडावर बसले. तीन दिवस शब्दांशी झोंबाझोंबी केली आणि खोट त्या शेवटच्या दोन चौकोनांत निघाली. एवढी सोपी भाषा करूनही उत्तर आधीच ठरलेलं. रोहिणी मात्र उभी राहिली, चार पावलं गेली, परत आली. मग तिने सासूला सरळच विचारलं. कागद खाली ठेवून, गरोदर असलेल्या धाकट्या जावेचं नाव घेऊन.

"आये, भाविकाला तपासायचं हाय. नर्सबाईनं हितं यावं, का भाविकानं खाली जावं?"

"हितं," कोंडी म्हणाली. "खाली कोन मरायला जातंय."

मी पर्समधलं पेन काढलं. होय-नाही गेलं. प्रश्न झाला: "गरोदर बाईची आणि बाळंतिणीची तपासणी कुठं व्हावी?" आणि खाली दोन जागा. एक वाडीत, एक मोठ्या केंद्रात. जी नको तिला नाही म्हणायची गरजच नाही, जी हवी तिला हात लावायचा.

उतरताना माझ्या अंगात आलं होतं. मी म्हटलं, आता पुढची ओळ मी सांगते. वाडीतल्या जागेपुढं लिहू, "नर्सताई घरापाशी येईल". केंद्राच्या पुढं लिहू, "पोटुशी बाईला अकरा किलोमीटर जावं लागेल, त्यातले तीन पायी". बघ कोण केंद्र म्हणतंय ते.

रोहिणी पायवाटेवर थांबली. "आन केंद्रात रोज डॉक्टर असतो ते? रक्ताची सगळी तपासनी तिथंच होते ते?"

"ते त्यांना लिहू दे. आपण कशाला लिहायचं?"

"वैनी, त्यांनी आमच्यापासून लपवलं म्हनून मी चार दिवस जेवले नाय. आता आपन लपवायचं?"

"अगं मंगळवार जाईल तुझा!" मी म्हटलं. खरंच ओरडले. "त्या एका ओळीपायी जाईल."

"गेला तर गेला," ती म्हणाली आणि वळून उतरायला लागली. "दोनी बाजू लिव."

मी सबंध वाट तिच्याशी बोलले नाही. शहाणी समजते स्वतःला, असं मनात म्हणत राहिले. पण रविवारी दुकानात बसून लिहिलं तसंच. वाडीत: महिन्यातून एकदा नर्स येते, वजन, रक्तदाब, रक्त बघते, डॉक्टर नसतो. केंद्रात: रोज डॉक्टर असतो, सगळ्या तपासण्या होतात, आपण जायचं, उंबराचीवाडीपासून अकरा किलोमीटर, त्यातले तीन पायी. दुसऱ्या वाड्यांचे आकडे दुसरे, तेही धनेशला विचारून वाडीवार घातले. दोन्हीकडे ओळी सारख्या आल्या.

सोमवारी सकाळी धनेश कागद घेऊन जायला निघाला आणि दारातच थबकला. "ताई, हे एक आणि दोन उलटं आहे." मी म्हटलं, काय उलटं? तर आम्ही "वाडीत" वर लिहिलं होतं, त्याला एक नंबर. कॉम्प्युटरमध्ये सातव्या प्रश्नाचा एक म्हणजे होय, आणि होय म्हणजे केंद्रात नेण्याला होकार. म्हणजे जो जो "वाडीत" म्हणाला असता तो वर "केंद्रात न्या" म्हणून गेला असता. रोहिणीने फक्त "अगं आये" म्हटलं आणि भिंतीला टेकली. केंद्र वर घेतलं, एक नंबर. वाडी खाली, दोन नंबर. मॅडमनी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघितली, एके ठिकाणी "रक्तदाब" ह्याच्या जागी "बीपी" करा म्हणाल्या, कारण वाडीतसुद्धा बीपीच म्हणतात, आणि सही केली. दुपारी छपाई सुरू झाली. अठराशे प्रती, दोनदा कागद अडकला.

उंबराचीवाडीत वाचन होतं त्या दिवशी मी दुकान बंद करून परत चढले. कुणी बोलावलं नव्हतं. शाळेच्या पडवीत माणसं बसली होती. रोहिणी एकेका घराला वाचून दाखवत होती, आधी "काय इचारलं ते सांगा" म्हणत होती, सांगितलं की मगच लिहीत होती. बाराव्या प्रश्नापर्यंत प्रत्येक वेळी. तिचा घसा बसला होता. कोंडीने ऐकून घेतलं, डॉक्टर रोज असतो हेही ऐकलं, आणि "हितं" म्हणाली. रोहिणीने दोन लिहिलं. मला बरं वाटलं.

मग भाविका आली. रोहिणीची धाकटी जाऊ, सात महिन्यांची, रस्त्याकडच्या गावातून दिलेली, बारावी झालेली. तिने कागद स्वतः वाचला. सातव्याशी आली आणि बोट वरच्या ओळीवर ठेवलं. "एक."

रोहिणीने पेन उचललं नाही. "समजलं ना तुला? नर्स हितं येनार नाय मग."

"समजलं, बाय. मला डॉक्टरनं बघायला पायजे. मागच्या महिन्यात नर्सबाईच म्हनल्या, बाळ आडवं वाटतंय, डॉक्टरला दाखव. हितं डॉक्टर नाय."

मी रोहिणीकडे बघत होते. मला वाटलं, ही आता काहीतरी बोलेल, समजावेल, मोठी जाऊ आहे, आशा आहे, तिचा शब्द कोण मोडणार? भाविका तिच्याकडेच बघत होती, थोडी घाबरून. रोहिणी म्हणाली, "बरं." आणि एक लिहिला. स्वच्छ, ठळक. मग तिने भाविकाला विचारलं, "तिथवर जाशील कशी?" भाविका म्हणाली, "तेच तर. गाडी कोन देनार ते कागदात कुठं हाय?"

कुठंच नव्हतं. बारा प्रश्नांत गाडी हा शब्द नव्हता, जुन्यातही नाही आणि आमच्यातही नाही. आम्ही चार दिवस इतके शब्द पाखडले आणि कुणाला हे सुचलं नाही. शेवटी "आणखी काही सांगायचं आहे का" अशी ओळ होती, तिथं रोहिणीने लिहिलं. भाविकाच्या नंतर बहुतेक घरांनी तेच सांगितलं. वाडीत बेचाळीस, केंद्रात एकवीस, आणि गाडी जवळपास सगळ्यांनी.

जूनमध्ये निकाल आला. नऊ ठिकाणांपैकी सहा रस्त्याकडेची, त्यांना केंद्र जवळ. बहुतेकांनी केंद्र सांगितलं होतं. पुढच्या महिन्यापासून मंगळवार बंद. धनेशने दुकानात येऊन सांगितलं, मान खाली घालून. शेवटच्या ओळीतल्या गाडीचं काय, असं मी विचारलं. "इतर ह्या रकान्यात गेलंय," तो म्हणाला. "तो रकाना बेरजेत येत नाही."

मी रोहिणीवर चिडले. रडू यायच्या ऐवजी मी चिडते, हा माझा जुना आजार. "बघितलंस? दोन्ही बाजू लिहा म्हणे. जुना कागद असता तरी हेच झालं असतं, मग एवढा जीव कशाला काढलास?"

"हेच नसतं झालं," ती म्हणाली. उभीच होती. "तवा आमी होय म्हनलो असतो आन आमाला म्हाईतच नसतं. आता म्हाईत हाय. मला वाईट वाटतंय वैनी, लई वाईट वाटतंय. रातच्याला ते पैलं बाळ आठवतं. पन भाविका खोटं नाय बोलली." तिने डोळे पुसले, पदराने नाही, मनगटाने, घाम पुसावा तसे. "आता लिव. गाडीसाठी अर्ज."

मी कॉम्प्युटर उघडला. अर्जाचा साचा तयारच असतो, तेरा वर्षांत हजार वेळा वापरलेला. "प्रति, माननीय महोदय. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की, मौजे उंबराचीवाडी येथील गरोदर लाभार्थींकरिता वाहन सुविधा उपलब्ध करून देणेबाबत..."

रोहिणीने माझा हात धरला, कीबोर्डवरचाच. "वैनी, हे कोनाला कळनार?"

"साहेबांना. त्यांना असंच लागतं."

"त्यांना कळत असतं तर गाडी बेरजेत आली असती. पूस ते. मी सांगते तसं लिव."

मी सगळं पुसलं. ती सांगत गेली, मी टाईप करत गेले. खाली त्रेसष्ट घरांची नावं, पहिला अंगठा कोंडीचा. कोंडीने हा कागद आधी रोहिणीकडून वाचून घेतला, काय लिहिलंय ते स्वतः सांगून दाखवलं, आणि मग शाई लावली.

अर्ज चार ओळींचा आहे. "आमच्या वाडीत आता नर्स येणार नाही. मोठं केंद्र अकरा किलोमीटर आहे. भाविका निरगुडा हिचं बाळ आडवं आहे आणि तिला नववा महिना लागला आहे. दर मंगळवारी सकाळी आठ वाजता पायवाट संपते तिथं गाडी पाठवा."